विश्लेषण : वाफ्यावर काड, पाला की प्लास्टिक? ओल किती टिकली, हे वजनकाट्यावर कसे कळते?

एप्रिल उजाडला की पाटोदा तालुक्यात विहिरीची मोटर तासाभरात हवा ओढू लागते. मांजरा नदी याच तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. पण उगमाकडच्या गावांत नदी म्हणजे पावसाळ्यापुरता ओढा. माथ्यावरची जमीन उथळ आणि मुरमाड. पाणी दिले की दोन दिवसांत वरची माती पांढरी पडते. अशा ठिकाणी घरामागे किंवा विहिरीजवळ टोमॅटो, वांगी, मिरचीचे चार वाफे जगवायचे असतील तर आच्छादन करा, हा सल्ला सगळेच देतात. कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांमध्येही प्रकल्पासाठी हा विषय आवडीचा आहे. कारण साहित्य गावातच मिळते आणि निकाल एका हंगामात हाती येतो.

अडचण अशी की बहुतेक प्रकल्प-वह्यांत शेवटी ‘आच्छादनामुळे ओल टिकून राहिली’ एवढेच वाक्य उरते. किती टिकली, किती दिवस टिकली आणि त्यातून पाण्याची एक तरी पाळी वाचली का, हे लिहिलेले नसते. तो हिशेब कसा करायचा आणि त्यात घोळ कुठे होतो, ते पाहू.

वाफ्यातले पाणी नेमके जाते कुठे?

वाफ्याला दिलेले पाणी दोन वाटांनी हवेत जाते. एक वाट पिकाच्या पानांतून. ते पाणी वाया जात नाही, त्याच्यावरच पीक वाढते. दुसरी वाट उघड्या मातीतून होणाऱ्या बाष्पीभवनाची. आच्छादन फक्त ही दुसरी वाट अडवते. ते नवे पाणी आणत नाही आणि झाडाची तहानही कमी करत नाही.

ही दुसरी वाट किती मोठी असते, हे पिकाच्या वयावर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये पिकांच्या पाण्याच्या गरजेवर ५६ क्रमांकाची पुस्तिका काढली. जगभरचे सिंचन-अभ्यासक आजही तिचा आधार घेतात. तिच्यातले टोमॅटोचे गुणांक घेऊन एक साधा हिशेब करू. वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, म्हणजे तीन चौरस मीटरचा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हवेची ओढ दिवसाला ७ मिलिमीटर धरू.

रोपे लहान असताना वाफ्यातून दिवसाला साधारण साडेबारा लिटर पाणी जाते. त्यातले झाडातून जाते जेमतेम ३ लिटर. उरलेले साडेनऊ लिटर उघडी माती उडवून टाकते. पीक भरात आले की चित्र पूर्ण उलटते. वाफा दिवसाला २४ लिटर पाणी पितो, पण त्यातले २३ लिटर पानांतून जाते. दाट सावलीखालच्या मातीतून उडते ते जेमतेम एक लिटर.

त्याच पुस्तिकेनुसार जमिनीचा दर दहा टक्के भाग काडा-पाल्याने झाकला की बाष्पीभवन सुमारे पाच टक्क्यांनी घटते. म्हणजे वाफा पूर्ण झाकला तर ते निम्म्यावर येते. प्लास्टिकखाली ही घट ५० ते ८० टक्के असते. मात्र तापलेल्या प्लास्टिकची उष्णता झाडाकडे जात असल्याने पानांतून जाणारे पाणी १० ते ३० टक्क्यांनी वाढते. हे आकडे आपल्या वाफ्याला लावले तर रोपावस्थेत काडाच्या वाफ्याला दिवसाला सुमारे आठ लिटर आणि प्लास्टिकच्या वाफ्याला साडेसहा लिटर पाणी पुरावे.

यातून हाती लागणारी गोष्ट एकच, पण कामाची आहे. आच्छादनाची खरी कमाई लागवडीनंतरच्या पहिल्या महिना-सव्वा महिन्यात होते. अनेक जण पहिली खुरपणी उरकून, रोपे गुडघ्याला आली की काड पसरतात. तोवर वाचण्यासारखे बरेच पाणी उडून गेलेले असते. रोपे लावायची असतील तर आच्छादन लागवडीच्या दिवशीच हवे. बी टोकायचे असेल तर उगवण होऊन रोप चार बोटे वर येईपर्यंत थांबावे, नाहीतर कोंब काडाखालीच पिवळे पडून मरतात.

प्रकल्प मांडायचा कसा?

चार प्रकारचे वाफे घ्यावेत: उघडा, गव्हाच्या काडाचा, वाळल्या पाल्याचा आणि प्लास्टिकचा. प्रत्येक प्रकार पाच वेळा, म्हणजे एकूण वीस वाफे. पाच वेळा अशासाठी की मुरमाड रानात दोन पावलांवर मातीची खोली बदलते. एकच काडाचा वाफा नेमका खोल मातीवर आला तर फरक मातीचा असतो आणि श्रेय काडाला मिळते. त्यासाठी उताराला आडवे पाच पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्ट्यात चारही प्रकार चिठ्ठ्या टाकून बसवावेत. अभ्यासक्रमात यालाच यादृच्छिक गट रचना म्हणतात.

उघड्या वाफ्याबाबत एक काळजी घ्यावी. ‘एक कोळपणी अर्धे पाणी’ असे आपल्याकडे म्हणतात, ते खरे आहे. वरचा थर हलवून मोकळा केला की खालची ओल वर चढण्याची वाट तुटते आणि ती कोरडी भुसभुशीत मातीच आच्छादनाचे काम करते. म्हणून उघड्या वाफ्याची खुरपणी नेहमीच्या वेळेवर व्हायलाच हवी. तण माजलेल्या वाफ्याशी तुलना केली तर काड जिंकणारच, पण ती तुलना खोटी असते.

सर्वांत मोठी चूक पाणी देण्यात होते. वीसही वाफ्यांना दर तिसऱ्या दिवशी सारखेच पाणी दिले तर झाकलेल्या वाफ्यात ओल जास्त दिसेल, पण थेंबभरही पाणी वाचणार नाही. उलट प्लास्टिकखाली माती सतत चिंब राहून मुळे गुदमरतात, खालची पाने पिवळी पडतात आणि रोप बुंध्याशी सडू लागते. मग दोष मल्चिंग पेपरला दिला जातो. पाणी दिवस मोजून न देता ओल मोजून द्यायचे, हा या प्रकल्पाचा कणा आहे.

ओल मोजायची कशी?

ओल मोजायला महागडे यंत्र लागत नाही. झाकणाचे डबे, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा वजनकाटा आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली ओव्हन भट्टी पुरते. पाणी देण्याआधी, सकाळी ठरलेल्या वेळी, ड्रीपरपासून वीतभर अंतरावरून गिरमिटाने माती काढावी. एक नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा आणि दुसरा १५ ते ३० सेंटिमीटरचा. अंतर दर वेळी तेच ठेवावे, कारण ठिबकखाली ओलीचा कांदा तयार होतो; चार बोटे इकडे-तिकडे झाले तरी आकडा बदलतो. प्लास्टिकच्या वाफ्यात नमुना काढल्यावर भोकावर चिकटपट्टी लावावी आणि खड्डा मातीने बुजवावा. डब्याचे झाकण रानातच बंद करावे, कारण पिशवीतून नेलेली माती वाटेतच सुकते.

आता वजन. समजा ओली माती भरली १२१ ग्रॅम. १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून ती उरली १०० ग्रॅम. पाणी होते २१ ग्रॅम. ओल काढताना भागायचे ते कोरड्या मातीच्या वजनाने, म्हणजे ओल २१ टक्के. अनेक वह्यांत भागाकार ओल्या वजनाने केलेला असतो आणि उत्तर १७ टक्के येते. चूक छोटी दिसते, पण तिच्यामुळे वाफा आहे त्याहून कोरडा वाटतो आणि पाणी लवकर सोडले जाते.

पाणी कधी द्यायचे, ही रेषा आधी ठरवावी लागते. एक वाफा पोटभर भिजवून प्लास्टिकने झाकून ठेवावा. जास्तीचे पाणी निथळून जायला हलक्या जमिनीत एक-दोन दिवस, काळ्या जमिनीत दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतर काढलेल्या नमुन्याची ओल म्हणजे त्या मातीची जलधारण क्षमता. उदाहरणासाठी ती २६ टक्के धरू. ज्या ओलीला रोप कायमचे कोमेजते ती ढोबळमानाने याच्या निम्मी, म्हणजे १३ टक्के. मधल्या १३ टक्क्यांपैकी चाळीस टक्के संपले की टोमॅटोला ताण बसू लागतो. हिशेबाने ती रेषा २१ टक्क्यांवर येते. ओल २१ टक्क्यांवर आली की तो वाफा पुन्हा २६ टक्क्यांपर्यंत भरायचा.

भरायला किती पाणी लागेल? मुळांचा थर ३० सेंटिमीटर आणि मातीची घनता १.३ धरली तर पाच टक्क्यांची तूट म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर, तीन चौरस मीटरच्या वाफ्याला सुमारे ५८ लिटर. वाफ्यात एका फुटावर ताशी चार लिटरचा ड्रीपर असलेली एक इनलाइन नळी असेल तर दहा ड्रीपर तासाला ४० लिटर देतात. म्हणजे कॉक दीड तासाला थोडा कमी वेळ उघडा ठेवायचा. प्रत्येक वाफ्याला वेगळा कॉक हवा, कारण वाफे वेगवेगळ्या दिवशी पाणी मागणार आहेत. आठवडाभराच्या रोपांची मुळे ३० सेंटिमीटरपर्यंत गेलेली नसतात. म्हणून रोपे तगेपर्यंत सगळ्यांना सारखेच, थोडे-थोडे पाणी द्यावे आणि हा नियम त्यानंतर लावावा.

आता वरचे दोन्ही हिशेब जोडा. दिवसाला साडेबारा लिटर खर्च करणारा उघडा वाफा ५८ लिटर पाणी साडेचार दिवसांत संपवेल, काडाचा वाफा सव्वासात दिवसांत, प्लास्टिकचा जवळपास नऊ दिवसांत. पस्तीस दिवसांत उघड्या वाफ्याला सात-आठ पाळ्या, काडाच्या वाफ्याला पाच आणि प्लास्टिकच्या वाफ्याला चार. हे कागदावरचे अंदाज आहेत. रानात वारा, मातीची खोली आणि रोपांची दाटी यांनी ते हलतील. ते किती हलले, हे शोधणे हाच विद्यार्थ्याचा प्रकल्प. वहीत ‘ओल टिकली’ याऐवजी ‘अमुक वाफ्याला अमुक तारखांना, एकूण इतके लिटर’ असा तक्ता आला की काम झाले.

काड आणायचे कुठून?

पाटोद्यात खरा प्रश्न हाच आहे. काडाचे आच्छादन हेक्टरी पाच टन, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो या प्रमाणात करण्याची पद्धत आहे. आपल्या वाफ्याला ते दीड किलो होते. वाफ्यापुरते ते किरकोळ वाटते. पण एकरभर रान झाकायचे म्हटले तर दोन टन लागते. एक जनावर दिवसाला सहा किलो कोरडा चारा खाते असे धरले तर दोन टनांत त्याचे जवळपास अकरा महिने निघतात. जिथे दुष्काळी वर्षात चारा छावण्या उभ्या राहतात, तिथे ज्वारीचा कडबा वाफ्यावर पसरा असे सांगणाऱ्याकडे शेतकरी बघतच राहील आणि त्याचेच बरोबर असेल.

म्हणून जे जनावर खात नाही किंवा नाइलाजानेच खाते, तेच आच्छादनाला वापरावे. पावसात भिजून काळे पडलेले काड, उसाचे पाचट, गोठ्यातले शेण न लागलेले उष्टे, बी धरण्याआधी उपटलेले तण आणि झाडांचा वाळला पाला. भिजलेले काड आधी उन्हात वाळवून घ्यावे. पाल्यात करंज, आंबा, वड यांची रुंद पाने चांगली थर धरतात. कडुनिंबाची बारीक पाने वाऱ्याने एका कोपऱ्यात जमा होतात. त्यांच्यावर काट्याकुट्यांचा किंवा पाचटाचा हलका भार लागतो. पाला पसरल्यावर वरून माती दिसली तर थर पातळ आहे. फार जाड केला तर ठिबकच्या चार थेंबांना किंवा वळवाच्या हलक्या सरीला पालाच पिऊन टाकतो आणि माती कोरडी राहते. नळी म्हणूनच आच्छादनाखाली घालावी, वर नाही.

काडाचे आणखी एक दुखणे नत्राचे आहे. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण ऐंशी भाग असतात. ते कुजवणारे सूक्ष्मजीव हा फरक भरून काढण्यासाठी मातीतले नत्र उचलतात. काड वरच पसरलेले असेल तर हे फक्त चिकटलेल्या पातळ थरात घडते आणि पिकाला जाणवत नाही. पण खुरपताना काड मातीत मिसळले गेले तर पंधरवड्यात जुनी खालची पाने फिकट पिवळी दिसू लागतात. म्हणून तण आले तर हाताने उपटावे, काडावर खुरपे चालवू नये.

हलक्या रानात उन्हाळ्यात काडाखाली वाळवी येते. काड उचलल्यावर मातीचे बारीक बोगदे दिसले की तो भाग बाजूला काढून रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. पावसाळ्यात धोका बदलतो. २०२२ मध्ये बीड, लातूर, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले होते. दिवसा लपायला ओलसर आच्छादन हे तिचे आवडते ठिकाण. त्यामुळे उन्हाळ्यात उपयोगी पडलेला काडाचा थर जून लागताच विरळ करणे शहाणपणाचे.

प्लास्टिक कुठे फसवते?

तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्याला साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा पेपर वापरतात. चंदेरी बाजू वर, काळी खाली. चंदेरी बाजू ऊन परतवते आणि मावा, फुलकिडे यांना बिचकवते. काळ्या बाजूमुळे तणाला उजेड मिळत नाही. लव्हाळा मात्र या पेपरला जुमानत नाही, त्याची सुईसारखी टोके पेपर भोसकून वर येतात. ज्या वाफ्यात लव्हाळा आहे तिथे आधी त्याच्या गाठी वेचून काढाव्यात.

पेपर सकाळी किंवा संध्याकाळी अंथरावा. भर दुपारी तापून सैल झालेला पेपर ताणून बसवला तर रात्री आकसून फाटतो. आधी नळी टाकून ठिबक चालवून पाहावे, वाफा भिजवावा, मग पेपर टाकून कडा वीतभर मातीत दाबाव्यात. भोके पाच-सात सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत. खालची गरम हवा याच भोकातून धुराड्यासारखी वर येते आणि कोवळा बुंधा भाजतो. बुंध्यावर तपकिरी कंगोरा पडून रोप मोडून पडले तर तो रोग नसतो, पेपरचा चटका असतो. लागवडीनंतर भोकावर मूठभर माती टाकली तर तो टळतो.

प्लास्टिकची मोठी अडचण ही की खाली काय चालले आहे ते दिसत नाही. एखादा ड्रीपर चोंदला किंवा उंदराने नळी कुरतडली तर उघड्या वाफ्यात लगेच कळते. इथे रोप माना टाकते तेव्हाच कळते. वाटेत पावसाची सर आली तरी पाणी पेपरवरून सरीत वाहून जाते. म्हणून ठिबक नसेल तर मल्चिंग पेपरच्या वाटेला जाऊ नये.

आणि शेवटी उरतो तो कचरा. एक एकरात दीड मीटरवर वाफे धरले तर सुमारे २,७०० मीटर पेपर लागतो. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनच्या एका गुंडाळीचे वजन ११ किलो भरते. म्हणजे एकरी सात गुंडाळ्या, जवळपास पाऊण क्विंटल प्लास्टिक. हंगाम संपेपर्यंत उन्हाने ते ठिसूळ होते आणि ओढले की तुकडे पडतात. नांगराखाली गेलेला तुकडा वर्षानुवर्षे कुजत नाही, बांधावर फेकलेला जनावराच्या पोटात जातो. प्रकल्पात पेपर अंथरताना आणि काढताना दोन्ही वेळा वजन करावे. परत आलेल्या पेपरची माती झटकून, धुऊन, वाळवून वजन केले की जो फरक उरतो, तेवढे प्लास्टिक रानात राहिले.

मग निवड कशी करायची?

ठिबक आहे, वाफे मोजके आहेत आणि काढलेला पेपर गोळा करून द्यायची सोय आहे, तर उन्हाळी मिरची-टोमॅटोला प्लास्टिक सर्वांत कमी पाणी मागते. ठिबक नसेल, बादलीने किंवा सरीने पाणी देत असाल, तर काड आणि पाला हाच मार्ग. कारण त्यातून वरचे पाणी आत जाऊ शकते. काड आणि पाल्यात निवड करताना आधी गोठ्याकडे पाहावे. जनावराच्या तोंडचे काढून झाकलेल्या वाफ्याने वाचवलेले पाणी पाटोद्यात कुणालाच परवडणारे नाही.

कोणतेही आच्छादन निवडले तरी ते लागवडीच्या दिवशी घालणे आणि नंतर पाण्याची पाळी लांबवणे, ही दोन कामे सोबत व्हायला हवीत. पाळी लांबवायची हिंमत वजनकाटा देतो. ओव्हन नसेल तर काड बाजूला सारून वीतभर खोलीची मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन तो बोटाने दाबल्यावर फुटत असेल तर वाफसा आहे, पाणी एक दिवस पुढे ढकलता येते. गोळाच होत नसेल तर मोटर सुरू करावी.